हप्ता चाळीस टक्के, वजावट पन्नास टक्के: मांजलपुरातल्या एका संयुक्त गृहकर्जाचा हिशेब

वडोदऱ्यात मांजलपुर भागात एका नवरा-बायकोने मार्च २०२४ मध्ये ६० लाखांचा तयार फ्लॅट घेतला. दस्तावेजावर दोघांची नावं, कर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या. घरचे १२ लाख घातले, त्यातले सात त्याचे आणि पाच तिचे. उरलेल्या ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं आणि हप्ता बसला ४१,६५६ रुपये. तो मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर, ती एका खासगी कंपनीत हिशेब विभागात. नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकड्यांचा हिशेब मात्र असाच होता.

ते माझ्याकडे आले ते जुलै २०२५ मध्ये, रिटर्न भरायला. दोघांचे फॉर्म १६ होते, बँकेचा व्याजाचा दाखला होता, आणि सगळं आधीच ठरलेलं होतं: व्याज निम्मं-निम्मं दाखवायचं. त्याच्या फॉर्म १६ मध्ये घरकर्जाच्या व्याजापोटी दोन लाख, तिच्यातही दोन लाख. तिच्या कंपनीने त्या हिशेबाने वर्षभर एक रुपयाही टीडीएस कापला नव्हता.

बँकेच्या दाखल्यावर २०२४-२५ सालचं व्याज होतं ४,०४,३३५ आणि फेडलेलं मुद्दल ९५,५३७. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर कमी केला, पण यांच्या कर्जावर त्याचा परिणाम त्या वर्षात आला नव्हता, त्यामुळे आकडे सरळ होते. दाखल्यावर दोघांची नावं होती, वाटा मात्र कोणाचाच लिहिलेला नव्हता. तसा तो लिहिलेला नसतोच. बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात. एकाने भरलं नाही तर ती दुसऱ्याकडून सगळं वसूल करेल, आणि आपसात कोणी किती भरलं हा तिचा प्रश्न नाही. हा दाखला ऑफिसात देताना दोघांनी १२बीबी फॉर्मवर आपापला निम्मा आकडा लिहिला आणि दोन्ही कंपन्यांनी तो मान्य केला. ऑफिसने मान्य केलं म्हणजे झालं, असा बहुतेक पगारदारांचा समज असतो. कंपनी कागद बघते. कागदामागचा पैसा बघणं हे तिचं काम नाही.

मी बँकेचं खातेपुस्तक मागितलं. हप्त्यासाठी दोघांनी एक वेगळं संयुक्त खातं उघडलं होतं, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं होतं. त्या खात्यात दुसरा कसलाच व्यवहार नव्हता. दर महिन्याच्या १ तारखेला त्याच्या पगारखात्यातून २५,००० यायचे, २ तारखेला तिच्याकडून १६,७००, आणि ५ तारखेला हप्ता वळता व्हायचा. बारा महिने, एकही खाडा नाही. इतका स्वच्छ माग मला क्वचितच दिसतो. आणि तो माग साठ-चाळीस सांगत होता, पन्नास-पन्नास नाही.

“मग काय झालं काका?” तो म्हणाला. “घर दोघांचं, कर्ज दोघांचं. निम्मं धरलं तर कोणाचं काय जातं?”

त्याचं तर खरंच काही जात नव्हतं, आणि यातच या प्रकरणाची गोम आहे. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला कलम २४(बी) खाली प्रत्येक सहमालकाला, तो सहकर्जदारही असेल तर, वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. ही मर्यादा माणशी आहे, घरामागे नाही. साठ टक्क्यांनी त्याचा वाटा होतो २,४२,६०१. त्यातले दोन लाख चालतात आणि ४२,६०१ वाया जातात. राहत्या घराच्या बाबतीत ते पुढच्या वर्षी नेता येत नाहीत, आणि बायकोच्या नावावरही टाकता येत नाहीत. तिचा वाटा चाळीस टक्क्यांनी १,६१,७३४, म्हणजे तिच्या दोन लाखांत ३८,२६६ ची जागा रिकामी. एकाकडे उतू जातंय, दुसरीकडे भांडं अर्धवट. निम्मं-निम्मं केलं की दोघांचे २,०२,१६७ होतात आणि दोघांचे दोन-दोन लाख नेमके बसतात. कुठल्याही नवरा-बायकोला हे सुचणारच.

तिच्या बाजूला तर याहून मोठं आमिष होतं. व्यवसाय कर वजा जाता तिचा पगार ९ लाख. जुन्या करप्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सी चे दीड लाख आणि व्याजाचे दोन लाख काढले की करपात्र उत्पन्न उरतं बरोबर पाच लाख. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. पाच लाखांच्या वर एक पाऊल टाकलं की ती सूट पूर्ण जाते, थोडीथोडी कमी होत नाही. १,६१,७३४ धरले तर करपात्र उत्पन्न येतं ५,३८,२७० आणि उपकरासह कर होतो २०,९६०. म्हणजे तिच्यासाठी चाळीस आणि पन्नास टक्क्यांतलं अंतर जवळपास एकवीस हजारांचं. नव्या प्रणालीत गेली असती तर त्या वर्षी सुमारे ३४ हजार भरावे लागले असते, म्हणून जुनीच बरी होती.

त्याचंही जुन्यातच भलं होतं, पण थोडक्यात. पगार १८ लाख, ८०सी भरलेली, आईवडिलांचा आणि स्वतःचा मिळून मेडिक्लेम ७५ हजार, एनपीएसचे जादा ५० हजार, व्याजाचे दोन लाख. एवढं सगळं जमल्यावर जुन्या प्रणालीत कर २,०२,८०० आला आणि नव्या प्रणालीत साधारण २ लाख १६ हजार.

आता मुद्दा असा की व्याजाचा वाटा ठरतो कशावर? कलम २४ मध्ये साठ-चाळीस असं काही लिहिलेलं नाही. तिथे घरासाठी घेतलेल्या कर्जावरचं व्याज एवढंच आहे. कलम २६ म्हणतं की सहमालकांचे वाटे निश्चित आणि ठरवता येण्याजोगे असतील तर प्रत्येकाची आकारणी वेगळी होईल. त्यामुळे प्रत्येकाला दाखवता आलं पाहिजे ते हे: या कर्जाचा एवढा भार माझा आहे आणि तो मी माझ्या कमाईतून उचलला. हे सिद्ध करणारी मुख्य वस्तू म्हणजे बँकेतला पैशाचा प्रवास. आपसातला करार असला तर तो त्याच्या जोडीला उभा राहतो, त्याच्याऐवजी नाही.

नवऱ्याने दस्तावेजाचा मुद्दा काढला. त्यात कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेलं नव्हतं, म्हणजे निम्मं-निम्मंच ना? हा प्रश्न चांगला होता. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की वेगवेगळ्या पैशातून एकत्र मालमत्ता घेतली तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा धरायचा. पुरावाच नसेल तेव्हा सारखे हिस्से गृहीत धरले जातात. इथे पुरावा भरपूर होता. सुरुवातीचे सात आणि पाच लाख चेकने दिलेले, पुढचे हप्ते खात्यातून गेलेले. सगळं मिळून हिशेब साठ-चाळीसच्याच आसपास येतो. ज्या मौनाचा आधार तो घेऊ पाहत होता, ते त्याच्याच खातेपुस्तकाने मोडलं होतं.

मग तिने जो मुद्दा मांडला तो मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकतो, आणि त्यात तथ्यही असतं. “काका, हप्त्यात माझे सोळा हजार सातशे दिसतात, पण मुलाची शाळेची फी मीच भरते, महिन्याला नऊ हजार. ती यांनी भरली असती तर मी हप्त्यात जास्त घातले असते. मग घरात माझा वाटा निम्म्याहून जास्तच नाही का?”

घराच्या दृष्टीने तिचं शंभर टक्के बरोबर होतं. कराच्या दृष्टीने दोन अडचणी होत्या. पहिली ही की फी शाळेत गेली, कर्जखात्यात नाही. घरखर्च मी करते म्हणून हप्ता त्यांनी भरला, हा युक्तिवाद करता येतो, पण त्याला कागदाचा आधार नसतो. किराणा, वीज, दूध, फी यांतलं काय हप्त्याच्या बदल्यात गेलं आणि काय सहज गेलं, हे कोण आणि कसं ठरवणार? दुसरी अडचण जास्त ठोस होती. फीच्या पावत्यांवर शिकवणी शुल्क म्हणून महिन्याला ८,००० वेगळे दाखवले होते आणि त्या वर्षाच्या ९६ हजारांची वजावट तिने ८०सी मध्ये घेतलेलीच होती. तिचा पीएफ ४३,२००, शिकवणी शुल्क ९६,०००, आणि मुद्दलातला चाळीस टक्के वाटा ३८,२१५. बेरीज १,७७,४१५ होते आणि दीड लाखांची मर्यादा भरून वर सांडते. तोच पैसा एकदा शाळेची फी म्हणून आणि पुन्हा कर्जाचा हप्ता म्हणून मोजता येत नाही. हे सांगितल्यावर तिने स्वतःच मान हलवली. हिशेबातली बाई होती.

मुद्दलाबद्दल इथेच सांगतो, कारण त्याचा नियम व्याजापेक्षा वेगळा आहे. व्याज त्या वर्षात देय झालं की वजावटीला चालतं, मुद्दल मात्र प्रत्यक्ष फेडलेलंच चालतं. त्याची वजावट ८०सी च्या दीड लाखांतच येते, पीएफ, विमा, फी यांच्या पंगतीत. त्याच्या बाबतीत पीएफ आणि विम्यानेच दीड लाख भरले होते, त्यामुळे मुद्दलातले त्याचे ५७,३२२ कागदावरच राहिले. तिच्या बाबतीत मुद्दलातल्या तिच्या वाट्याने उरलेली जागा भरून काढली. वाटणी मात्र दोन्हीकडे तीच, साठ-चाळीस. व्याजाला एक प्रमाण आणि मुद्दलाला दुसरं, असं एकाच हप्त्यातून काढता येत नाही, कारण हप्त्यातला प्रत्येक रुपया बँक दोन्हींत विभागते. अपवाद एकच, एकरकमी परतफेडीचा. तिने बोनसमधून लाखभर रुपये थेट कर्जखात्यात भरले असते तर ते तिचंच मुद्दल धरलं असतं.

एवढं झाल्यावर नवऱ्याने शेवटचा उपाय सुचवला. मागच्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून त्यावर पन्नास-पन्नासचा करारनामा करून घ्यायचा. मी नाही म्हटलं. एकतर तो खोटा दस्त झाला असता. शिवाय जो करार बारा महिन्यांच्या खातेपुस्तकाशी जुळत नाही, तो मदत करायच्या ऐवजी फक्त एवढंच दाखवून देतो की तो नंतर बनवलेला आहे.

पकडलं जाईलच असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. दोन्ही दाव्यांची बेरीज चार लाख, बँकेचं व्याज चार लाख चार हजार. यंत्राने ताडून पाहिलं तरी बेरीज जुळते. मात्र २०२५-२६ च्या आकारणी वर्षापासून, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाच्या याच रिटर्नपासून, रिटर्नमध्ये कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि शिल्लक कर्ज हे सगळं भरावं लागतं. घराच्या भागात सहमालकाचा हिस्सा आणि पॅनही जातो. एकाच कर्जक्रमांकाची दोन रिटर्नं विभागाकडे असतात, आणि कुठल्याही कारणाने एक फाइल उघडली की पहिली मागणी हप्त्याच्या खात्याच्या उताऱ्याची होते. तो उतारा तर काय बोलणार हे आम्हाला समोर दिसतच होतं. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कलम २७०ए खाली चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो.

तिने चाळीस टक्क्यांनीच रिटर्न भरलं. ऑफिसने काहीच कापलेलं नसल्यामुळे २०,९६० रुपये स्वतः भरावे लागले. कर दहा हजारांच्या वर असल्याने आगाऊ कर न भरल्याचं २३४बी आणि २३४सी चं व्याजही लागलं, जुलैपर्यंतचं सुमारे १,८९० रुपये. एकूण चलन २२,८५० चं. त्याच्या रिटर्नमध्ये काही बदल झाला नाही. व्याजाच्या रकान्यात दोन लाखच गेले आणि सहमालक म्हणून हिस्सा साठ टक्के लिहिला. दोघांनी जुनी प्रणाली निवडली होती आणि नोकरदाराला ती मूळ मुदतीत रिटर्न भरलं तरच निवडता येते. त्या वर्षीची मुदत वाढून सप्टेंबरपर्यंत गेली होती, तरी मी जुलैतच भरून टाकायला लावलं. उशीर झाला की नवी प्रणाली आपोआप चिकटते आणि मग साठ-चाळीस काय नि पन्नास-पन्नास काय, राहत्या घराचं व्याजच उरत नाही.

हे एकवीस हजार वाचवता आले असते का? आले असते, आणि सरळ मार्गाने. एप्रिल २०२४ मध्ये खातं उघडतानाच दोघांनी २०,८५०-२०,८५० घालायचं ठरवलं असतं तर पुरलं असतं. तिला महिन्याला ४,१५० जास्त लागले असते आणि तेवढा किराणा त्याने उचलला असता. फी तिच्याकडेच राहिली असती, म्हणजे तिची ८०सी भरलेली राहिली असती. घरातला एकूण पैसा तेवढाच, फक्त कोणाच्या खिशातून कुठे जातो ते बदललं असतं, आणि पन्नास टक्क्यांचा दावा मग खरा असता. कोण किती हप्ता भरणार हे कराच्या अंगाने पाहायचं असेल तर ते वर्ष सुरू होण्याआधी पाहावं लागतं. वर्ष संपल्यावर फक्त जे घडलं ते लिहिता येतं.

दुसरी खिडकी ३१ मार्च २०२५ पर्यंत उघडी होती. तिचं एनपीएस खातं होतं, पण त्या वर्षी तिने त्यात काही घातलं नव्हतं. ८०सीसीडी(१बी) खाली ५० हजारांपर्यंतची वजावट दीड लाखांच्या बाहेर मिळते. मार्चमध्ये तिने त्यात ३८,३०० घातले असते तरी करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आलं असतं आणि कर शून्य झाला असता. पण जानेवारीत १२बीबी भरताना तिच्या कागदावर कर आधीच शून्य दिसत होता, मग तिने तिकडे बघायचं कारणच नव्हतं. निम्म्याच्या दाव्याने तिचं नुकसान केलं ते इथे.

एप्रिल २०२५ पासून आता प्रमाण बदलू का, असं तिने विचारलं. मी दोघांचे पुढच्या वर्षाचे आकडे मांडले आणि वेगळंच चित्र निघालं. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कर लागत नाही. तिच्या ९ लाखांवर तिथे एक वजावटही न घेता कर शून्य. त्याला नव्या प्रणालीत साधारण १ लाख ५१ हजार येतात, जुन्यात सगळ्या वजावटी धरून २ लाखांच्या वर. म्हणजे पगार असेच राहिले तर दोघंही नव्या प्रणालीत जाणार, आणि राहत्या घराचं व्याज व मुद्दल दोन्ही हिशेबातून बाहेर. ज्या वाटणीवरून आम्ही दीड तास बोललो, तिची त्या वर्षी गरजच पडणार नाही. जुन्या प्रणालीत राहण्याइतक्या वजावटी ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनाच ती लागेल, आणि अशी घरं आता माझ्या फायलींमध्येही कमी होत चालली आहेत.

तरीही खातं आहे तसं चालू ठेवा, असं मी सांगितलं. त्याची बदली पुण्याला होण्याची बोलणी चालू आहेत. फ्लॅट भाड्याने दिला तर नव्या प्रणालीतही त्या घराच्या भाड्यातून व्याज वजा होतं, फक्त व्याज भाड्याहून जास्त झालं तर तो तोटा पगारातून कापता येत नाही. तेव्हा भाडं मालकीच्या हिस्स्याने वाटायचं आणि व्याज ज्याने जेवढं उचललं तेवढं. त्यांच्या बाबतीत दोन्ही आकडे साठ-चाळीस आहेत, त्यामुळे वाद नाही. ज्यांच्या दस्तावेजावर निम्मे हिस्से स्पष्ट लिहिलेले असतात आणि हप्ता मात्र एकच जण भरतो, त्यांचं भाडं दोघांकडे येतं आणि व्याज एकाकडेच अडकतं.